लघवीच्या जागचा लाल कोंब : एका कडेला की चहूबाजूंनी?

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत केलेलं हे बोलणं. बैठकीला येऊ न शकलेल्या सगळ्याजणींसाठी इथे लिहून देत आहे.)



आजचा विषय पाळी गेलेल्या बायकांचा आहे. ज्यांची पाळी अजून चालू आहे, त्यांनीही ऐकावा, कारण घरात सासू आहे, आई आहे, आणि उद्या आपणही त्या वयाच्या होणार आहोत. लघवीच्या तोंडाशी कधी कधी एक मऊ, लालभडक, मांसासारखा कोंब दिसतो. हाताला लागतो. लघवी करताना झोंबतो. पुसलं की कापडाला रक्ताचा डाग लागतो. गावात फिरताना याला मी बरीच नावं ऐकली आहेत. कोणी म्हणतं मूळव्याध पुढे आली, कोणी म्हणतं अंग बाहेर यायला लागलं, आणि कोणी काहीच म्हणत नाही, फक्त मनात कॅन्सर धरून बसतं.

बहुतेक वेळा तो या तिन्हींपैकी काहीच नसतो. म्हाताऱ्या वयात अशा कोंबाची दोन मुख्य कारणं असतात. एकाला डॉक्टर ‘युरेथ्रल कॅरंकल’ म्हणतात. दुसऱ्याला ‘युरेथ्रल प्रोलॅप्स’ म्हणतात. ही नावं पाठ करायची गरज नाही. आपण पहिल्याला ‘एका कडेचा कोंब’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘गोल कडं’. फरक नावातच आला. एक फक्त एका बाजूला असतो, दुसरा चहूबाजूंनी असतो. हा फरक कळला तर घाई कधी करायची आणि दोन दिवस थांबलं तरी चालतं कधी, हे कळतं.

आधी जागा ओळखू

खाली आपल्याला तीन वाटा आहेत, हे आपल्या प्रशिक्षणात झालं आहे. सगळ्यात पुढे लघवीची, मधे बाळंतपणाची, म्हणजे योनीमार्ग, आणि मागे शौचाची. लघवीची वाट अगदी लहान असते. बाईची मूत्रनळी साधारण चार सेंटिमीटर, म्हणजे दोन-अडीच बोटांच्या रुंदीइतकी. तिचं तोंड योनीमार्गाच्या लगेच वर असतं. त्याच्याही वर, जिथे दोन्ही पाकळ्या मिळतात, तिथे एक लहानसा दाणा असतो. तो जन्मापासूनचा आहे, आजार नाही. आरसा धरून पहिल्यांदा बघणाऱ्या बायका त्या दाण्यालाच कोंब समजून घाबरतात, म्हणून आधीच सांगितलं.

बघायचं असेल तर हात धुऊन, भिंतीला पाठ टेकून, पाय फाकवून बसावं. खाली हातआरसा ठेवावा आणि मोबाईलचा टॉर्च लावावा. दोन बोटांनी पाकळ्या अलग करायच्या आणि फक्त बघायचं. दाबायचं नाही, ओढायचं नाही, नखाने खरवडायचं नाही. आजींना दिसत नसेल तर सुनेने किंवा लेकीने बघितलं तरी चालेल. आजींचा जीव संकोचत असेल तर जबरदस्ती नको, सरळ उपकेंद्रात सीएचओ ताईंकडे किंवा आरोग्यसेविकेकडे जावं.

आता कोंब दिसला तर एकच प्रश्न स्वतःला विचारा : लघवीचं भोक कुठे आहे?

भोक वर वेगळं दिसतंय आणि कोंब त्याच्या खालच्या ओठावर, म्हणजे योनीमार्गाकडच्या बाजूला, चिकटून आहे, तर तो बहुधा एका कडेचा कोंब. तुरीच्या डाळीएवढा, वाटाण्याएवढा, क्वचित त्याहून थोडा मोठा. भोक कोंबाच्या बरोबर मधोमध आहे आणि भोवती सगळीकडून लाल मांस फुगलंय, मेदूवड्यासारखं, तर ते बहुधा गोल कडं.

तिसरी गोष्ट म्हणजे गर्भपिशवी खाली उतरणं, ज्याला आपण अंग बाहेर येणं म्हणतो. ते मधल्या वाटेतून येतं. सहसा आकाराने मोठं असतं, दिवसभर काम करून संध्याकाळी वाढतं आणि आडवं पडलं की बरंचसं आत जातं. लघवीचं तोंड त्याच्या वर वेगळं असतं. मूळव्याध तर पार मागच्या वाटेला असते. म्हणजे वाट ओळखली की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

असं होतं तरी का?

पाळी गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक खूप कमी होतं. योनीमार्गाची आणि मूत्रनळीची आतली त्वचा या इस्ट्रोजेनवर पोसलेली असते. ते आटलं की ती त्वचा पातळ, कोरडी, नाजूक होते. मूत्रनळीच्या तोंडाशी आतलं अस्तर खालच्या कडेला थोडं उलटून बाहेर दिसू लागतं. आतली त्वचा बाहेर राहायला बनलेली नाही. लुगडं घासतं, लघवी लागते, ती लाल होते, सुजते, आणि हळूहळू तिथे कोंब तयार होतो. त्यात बारीक रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून तो लाल दिसतो आणि जरा धक्का लागला तरी रक्त येतं.

गोल कड्याचं मूळ तेच, म्हणजे इस्ट्रोजेन कमी होणं. पण त्यात आणखी एक भर पडते. मूत्रनळीच्या अस्तराला भोवतीच्या स्नायूंचा आधार असतो. वयाने तो आधार सैल पडतो. त्यात जुनाट खोकला असेल, दमा असेल, शौचाला रोज कुंथावं लागत असेल, जड हंडे उचलणं चालू असेल, तर पोटातला दाब वारंवार खाली येतो आणि अस्तर गोलाकार सबंध बाहेर घसरतं. ब्लाउजच्या बाहीचं अस्तर सैल झालं की काठाखालून बाहेर लोंबतं ना, तसंच. एका जागी टाका उसवला आणि तेवढाच तुकडा बाहेर डोकावला, तर तो एका कडेचा कोंब. सगळा गोल उसवून अस्तर बाहीभर बाहेर आलं, तर ते गोल कडं.

यात कुणाचं वागणं वाईट, स्वच्छता नाही, नवऱ्याकडून काही लागलं, असं काहीही नाही. म्हणून ज्या आजींना हे झालंय त्यांना घरात वेगळं वागवायचं कारण नाही.

एका आजींची गोष्ट, सुरुवातीपासून

आपल्या कामात भेटलेल्या एका आजींनी त्यांची हकीकत सांगायला परवानगी दिली आहे. नाव आणि गाव सांगत नाही. वय ६७. पाळी जाऊन सतरा-अठरा वर्षं झाली. चार महिने लघवीला जळजळ होत होती, आणि परकराला गुलाबी डाग पडत होते. डाग दिसू नये म्हणून त्या गडद लुगडंच नेसायच्या. गटाच्या बैठकीला येणं बंद केलं, बचतीचे पैसे सुनेच्या हाती पाठवायच्या.

आधी त्यांनी एका खासगी दवाखान्यात दाखवलं. तिथे कोणी खाली तपासलं नाही. लघवीचा संसर्ग म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि बरं वाटलं नाही म्हणून पुन्हा पाच दिवसांच्या. जळजळ तशीच. दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं, या वयात रक्त जातंय म्हणजे गर्भपिशवी खराब आहे, काढून टाका. ऑपरेशनच्या खर्चासाठी आजींच्या मुलाने सुनेला गटातून कर्ज घ्यायला सांगितलं. कर्जाचा अर्ज आला तेव्हा गटाच्या अध्यक्ष ताईंनी कारण विचारलं आणि आशाताईंना बोलावलं. आशाताई त्यांना म्हणाल्या, “काकू, पिशवी काढायचं नंतर बघू. आधी रक्त कुठून येतंय ते तर कुणी बघितलंय का?”

हा प्रश्न लक्षात ठेवा. चार महिन्यांत तो कुणीच विचारला नव्हता.

आशाताई त्यांना ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेल्या. तिथल्या बाई डॉक्टरांनी आधी बसवून विचारलं. पाळी जाऊन किती वर्षं झाली? डाग लघवीनंतर पुसताना लागतो की आपोआप पडतो? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? हृदयाच्या आजारासाठी काहींना ती गोळी असते आणि तिने रक्त जास्त येतं, म्हणून ते विचारतात. कधी छातीत गाठ, कॅन्सर, पायात रक्ताची गुठळी झाली होती का, हेही विचारलं.

मग तपासलं. पडद्याआड, सोबत परिचारिका आणि सून. लघवीच्या तोंडाच्या खालच्या कडेला वाटाण्याएवढा मऊ लाल कोंब होता. भोक त्याच्या वर मोकळं दिसत होतं. डॉक्टरांनी ओल्या कापसाच्या काडीने हलकेच स्पर्श केला तर आजी कळवळल्या आणि कापसाला रक्त लागलं. बोटाने चाचपून बघितलं, कोंब मऊ होता, आत कडक गाठ लागत नव्हती. जांघेतही गाठी नव्हत्या. लघवी तपासली, त्यात संसर्ग नव्हता. म्हणजे दहा दिवसांच्या गोळ्या ज्या आजारासाठी खाल्ल्या, तो आजार त्या दिवशी तरी लघवीत दिसत नव्हता.

इथे बऱ्याच जणी म्हणतील, कोंब सापडला, रक्ताचं कारण सापडलं, झालं. पण डॉक्टर तिथे थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “आजी, कोंबातून रक्त येतंय हे मी बघितलं. पण पिशवीतूनही येत नाही ना, हे बघितल्याशिवाय मी तुम्हाला घरी पाठवणार नाही.” पाळी गेल्यावर एक थेंब रक्त जरी दिसलं तरी पिशवीची तपासणी व्हायलाच हवी, कारण पिशवीच्या कॅन्सरचं पहिलं लक्षण तेच असू शकतं. एका बाईला दोन्ही असू शकतात. कोंब डोळ्यांना दिसतो म्हणून पिशवी निर्दोष ठरत नाही.

म्हणून त्यांनी योनीमार्गात उपकरण घालून आत बघितलं. पिशवीच्या तोंडाची तपासणी केली आणि सोनोग्राफीला पाठवलं. सोनोग्राफीत पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी मोजतात. पाळी गेलेल्या बाईला रक्त गेलं असेल आणि अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल, तर कॅन्सरची शक्यता फारच कमी असते. जाड असेल तर आतला तुकडा घेऊन तपासायला पाठवतात. आजींचं अस्तर ३ मिलिमीटर निघालं. पिशवी काढायचं काही कारण उरलं नाही. कर्जाचा अर्ज परत घेतला.

उपचार काय झाला

आजींना इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. वाटाण्याएवढं क्रीम स्वच्छ बोटावर घेऊन कोंबावर आणि योनीमार्गाच्या तोंडाशी हलक्या हाताने लावायचं. प्रत्येकीला हेच प्रमाण असेल असं नाही, ते डॉक्टर ठरवतात. जास्त लावलं म्हणून लवकर बरं होत नाही. आणि ज्यांना छातीचा किंवा पिशवीचा कॅन्सर झालेला आहे, त्यांनी हे क्रीम लावण्याआधी डॉक्टरांना तसं सांगितलंच पाहिजे. शेजारणीची ट्यूब आणून लावायची नाही, त्याचं कारण हे. मेडिकलमधून खाज-खरजेची ट्यूब आणून लावणं तर त्याहून वाईट, कारण त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असतं आणि आधीच पातळ झालेली त्वचा आणखी पातळ होते.

दुसरं, कोमट पाण्यात बसणं. पसरट टबात किंवा स्वच्छ घमेल्यात कोमट पाणी घ्यायचं. कोपर बुडवून बघायचं, चटका बसता कामा नये. दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं. पाण्यात डेटॉल नको, मीठ नको, कडुलिंबाचा काढा नको. नुसतं पाणी. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसेल तर मऊ सुती कापड कोमट पाण्यात भिजवून त्या जागी धरलं तरी आराम पडतो. तिथे साबण लावणं बंद करायचं.

सहा आठवड्यांनी आजी पुन्हा गेल्या. जळजळ थांबली होती, कोंब निम्मा झाला होता. तीन महिन्यांनी डाग पूर्ण बंद. बारीकसा लाल ठिपका अजून आहे, पण तो त्रास देत नाही. काही बायकांचा कोंब तेवढा राहतोच, आणि त्रास नसेल तर तो तसाच ठेवतात. पण क्रीम पूर्ण बंद केल्यावर जळजळ परत येऊ शकते, म्हणून मनाने थांबवायचं नाही, दाखवून थांबवायचं.

क्रीमने कमी झालाच नाही, किंवा मोठा आहे, सारखं रक्त येतंय, तर लहानसं ऑपरेशन करून कोंब काढतात. काढलेला तुकडा प्रयोगशाळेत पाठवतात. ‘तुकडा तपासायला पाठवलाय ना आणि रिपोर्ट कधी मिळेल?’ हे आपण विचारायचं. मूत्रनळीचा कॅन्सर फार कमी जणींना होतो, पण सुरुवातीला तो अगदी अशाच कोंबासारखा दिसू शकतो. नुसत्या डोळ्यांनी बघून मोठ्या डॉक्टरांनाही कधी कधी खात्री देता येत नाही. तिथे तुकड्याचा रिपोर्टच उत्तर देतो. हाताला कडक लागणारा, महिन्या-दोन महिन्यांत वाढत जाणारा, चिघळलेला, घाण वास येणारा, किंवा जांघेत गाठ असलेला कोंब असेल तर क्रीम लावत वाट बघायची नाही. तुकडा तपासायचा आग्रह धरायचा.

गोल कड्याला वेळ कमी असतो

दुसऱ्या एक आजी ७२ वर्षांच्या. चुलीच्या धुरात जन्म गेला, खोकला जुना, त्यात बद्धकोष्ठ. त्यांना काही दिवस खाली काहीतरी फुगल्यासारखं वाटत होतं. एका रात्री खोकल्याची मोठी उबळ आली आणि सकाळी दुखणं वाढलं. लघवी धारेने होईना, थेंबथेंब होऊ लागली. अंग बाहेर आलं असं समजून घरच्यांनी तेल लावून ते आत ढकलायचा प्रयत्न केला. दुखणं आणि सूज दोन्ही वाढली.

सीएचओ ताईंनी बघितलं तेव्हा लघवीच्या जागी चहूबाजूंनी सुजलेलं कडं होतं आणि मधोमध भोक. रंग लाल नव्हता, जांभळा-काळपट झाला होता. याचा अर्थ काय? बाहेर आलेलं अस्तर मूत्रनळीच्या तोंडाने आवळलं जातं. बोटात घट्ट अंगठी अडकली की बोट सुजतं, निळं पडतं, आणि सुजल्यामुळे अंगठी आणखी घट्ट होते, तसं. आत रक्त साकळतं आणि जागा सडायला लागू शकते. सीएचओ ताईंनी त्यांना त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवलं.

तिथे आधी बारीक नळी मधल्या भोकातून आत घातली. लघवी बाहेर आली, आजींचं ओटीपोट हलकं झालं, आणि डॉक्टरांची खात्रीही पटली. नळी कड्याच्या मधून गेली म्हणजे हे मूत्रनळीचंच अस्तर आहे. एका कडेच्या कोंबात नळी कोंबाच्या वरून, बाजूने जाते. मग बाहेर आलेलं काळं पडलेलं अस्तर कापून कडा विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवल्या. दोन दिवस लघवीची नळी ठेवली. पुढे इस्ट्रोजेनचं क्रीम, शौच मऊ होण्यासाठी औषध, आणि खोकल्याचा वेगळा उपचार. खोकला आणि कुंथणं तसंच राहिलं तर ऑपरेशननंतरही पुन्हा खाली घसरू शकतं, म्हणून ते दोन्ही उपचाराचाच भाग आहेत.

गोल कडं दरवेळी काळं पडत नाही. लाल, मऊ, लघवी साफ होतेय, अशा वेळी क्रीम आणि कोमट पाण्याने काही जणींचं कमी होतं. पण ते एका कडेच्या कोंबापेक्षा जास्त लक्ष ठेवून बघावं लागतं. रोज रंग बघायचा.

जाता जाता एक गोष्ट. हे गोल कडं पाळी न आलेल्या लहान मुलींनाही होतं. मुलीच्या चड्डीला रक्ताचा डाग दिसला की घरात भलतेसलते संशय येतात, मुलीला मारहाण होते. आधी डॉक्टरांना दाखवा, तपासणी होऊ द्या. मुलीला दरडावून काही विचारू नका. तिने आपणहून काही सांगितलं तर मात्र शांतपणे ऐका आणि तेही डॉक्टरांना सांगा.

घरी काय करायचं नाही

तुरटी, चुना, हळदीचा लेप, सुपारीची राख, मूळव्याधीचं मलम, काही म्हणजे काही लावायचं नाही. तिथली त्वचा डोळ्याच्या आतल्या त्वचेसारखी नाजूक असते. तुरटीने आणि चुन्याने भाजते, मग लघवी लागली की जीव जातो, आणि डॉक्टरांना मूळ आजार ओळखायलाही अवघड जातं. कोंबाला दोरा किंवा केस बांधून तो गळून पडेल असं सांगणारी माणसं बाजाराच्या दिवशी भेटतात. रक्तवाहिन्यांनी भरलेला कोंब तो, धार लागू शकते. आणि कोंब गळून पडला तर तपासायला तुकडाही उरत नाही. जळजळ होते म्हणून पाणी कमी पिऊ नका. लघवी घट्ट झाली की जास्त झोंबते.

कधी, कुठे, काय सांगायचं

लघवी अडली असेल, कडं जांभळं-काळं झालं असेल, रक्ताची धार थांबत नसेल, किंवा ताप आणि खूप दुखणं असेल, तर त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात जायचं. वाहन नसेल तर १०८ ला फोन करायचा. कोंब लाल आहे, मऊ आहे, लघवी साफ होतेय, फक्त डाग आणि जळजळ आहे, तर त्या आठवड्यात दाखवायचं. काहीच त्रास नाही, नुसता हाताला लागला, तरी एकदा दाखवून घ्यायचं.

केस पेपर काढताना लाजून ‘अशक्तपणा’ सांगितलं की अशक्तपणाच्याच गोळ्या मिळतात. खिडकीवर एवढंच म्हणा, “बाई डॉक्टरांना दाखवायचंय.” आत गेल्यावर सरळ सांगा, “पाळी जाऊन इतकी वर्षं झाली. लघवीच्या जागी लाल मांस आलंय. रक्त लागतंय. मला खाली तपासा.” जमलं तर कापडावरचा डाग दाखवायला न्या. कोणी न तपासताच लघवीच्या गोळ्या दिल्या, तर ‘डॉक्टर, एकदा बघता का?’ असं विचारायचा आपल्याला हक्क आहे. आणि कोणी पिशवी काढायला सांगितलं, तर रक्त नेमकं कुठून येतंय हे तपासल्याचा कागद मागा, सोनोग्राफीचा रिपोर्ट मागा, आणि सरकारी रुग्णालयात दुसरं मत घ्या.

पुढच्या महिन्यात प्रत्येक गटाने एवढंच करावं. ज्या आज्यांनी गेल्या काही महिन्यांत बैठकीला येणं सोडलं आहे, त्यांच्या घरी दोघीजणींनी जावं. हफ्त्याचं विचारण्याआधी त्यांना कापडाला डाग लागतो का, लघवीला जळजळ होते का, हे हळूच, एकट्यात विचारावं. होय म्हणाल्या तर आशाताईंना कळवावं आणि सोबत कोण जाणार ते तिथेच ठरवून घ्यावं.